एकच अक्षय तृतीया, तीन उत्तरं

10 मे 2024. शुक्रवार, अक्षय तृतीया. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. वेगळा मुहूर्त बघायची गरज नाही, असं या दिवसाबद्दल घरोघरी म्हटलं जातं. पण त्या महिन्यात गुरू आणि शुक्र दोघांचाही अस्त होता आणि लग्नाचे नेहमीचे मुहूर्त जवळजवळ नव्हतेच. मग त्या दिवशी नव्या फ्लॅटची वास्तुशांत करावी का? दुकान उघडावं का? पंचांग कसं वाचायचं, हे शिकायला यापेक्षा चांगला दिवस सापडणार नाही.

सुरुवात तिथीपासून. सोलापूरचं दाते पंचांग असो की भिंतीवरचं कालनिर्णय, तारखेच्या चौकटीत जी तिथी असते ती सूर्योदयाची, आणि तिच्यापुढे ती संपण्याची वेळ दिलेली असते. चंद्र सूर्याच्या 12 अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राचा वेग बदलता असल्यामुळे तिथी साधारण 19 ते 26 तासांची होते आणि दिवसाच्या कोणत्याही क्षणी संपू शकते. त्या वेळी तृतीया पहाटे सव्वाचारच्या सुमारास लागली आणि शनिवार उजाडण्याआधीच, पहाटे पावणेतीनच्या आसपास संपली. म्हणजे शुक्रवारचा सगळा दिवस तृतीयेचा. पाहुण्यांना शनिवारी सुट्टी असते म्हणून कार्य एक दिवस पुढे ढकललं असतं, तर ते चतुर्थीत गेलं असतं. चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या रिक्ता तिथी; नव्या घराला आणि दुकानाला दोन्हींना वर्ज्य. शिवाय शुक्ल चतुर्थीच्या उत्तरार्धात विष्टी करण, म्हणजे भद्रा असते. तीही शुभकार्याला टाळतात.

नक्षत्र मात्र त्या शुक्रवारी उत्तम होतं. पावणेअकरापर्यंत रोहिणी, नंतर मृग. रोहिणी आणि तिन्ही उत्तरा ही ध्रुव म्हणजे स्थिर नक्षत्रं. मृग, चित्रा, अनुराधा, रेवती ही मृदू. राम दैवज्ञांनी 1600 साली काशीत लिहिलेला ‘मुहूर्तचिंतामणी’ नव्या गृहप्रवेशाला हीच आठ नक्षत्रं सांगतो. दुकानासाठी त्यात अश्विनी, हस्त, पुष्य या क्षिप्र नक्षत्रांची भर पडते, कारण घर टिकावं आणि माल हलावा, ही अपेक्षा त्यामागे आहे.

अडचण उरते ती अस्ताची. सूर्याच्या फार जवळ गेल्यामुळे ग्रह दिसेनासा झाला की त्याचा अस्त झाला असं मानतात. गुरू-शुक्रांच्या अस्तात पहिल्यांदाच बांधलेल्या घरातला प्रवेश शास्त्र टाळायला सांगतं. दुरुस्त केलेल्या किंवा आधी वापरात असलेल्या घराला मात्र तोच ग्रंथ अस्ताचा विचार आवश्यक मानत नाही. त्यामुळे त्या दिवशी कोऱ्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला काटेकोर गुरुजी थांबायला सांगतील, जुन्या घरात जायला हरकत घेणार नाहीत, आणि दुकानाला साडेतीन मुहूर्तांच्या परंपरेवर होकार देतील. काही गुरुजी त्याच परंपरेच्या आधारे फ्लॅटलाही होकार देतात. हा खरोखरचा मतभेद आहे. म्हणून ‘तारीख चांगली आहे का’ एवढंच न विचारता घर नवं की जुनं, हे गुरुजींना आधी सांगावं.

दिवस ठरला तरी वेळ उरतेच. पूर्वेला उगवत असलेली रास म्हणजे लग्न, आणि घराला वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ यांपैकी स्थिर लग्न हवं. दुकानाला मात्र कुंभ लग्न वर्ज्य. मुंबईत त्या सकाळी साधारण साडेसहा ते आठ वृषभ लग्न होतं आणि रोहिणीही होती. कलश घेऊन उंबरा ओलांडायला हीच वेळ सर्वांत चांगली. दुकान सकाळी दहानंतर उघडायचं, तर राहुकाळ पाळणाऱ्यांपुढे प्रश्न होता. दिनमानाचे आठ भाग केले की शुक्रवारी चौथा भाग राहुकाळाचा येतो. मुंबईत तो सुमारे अकरा ते साडेबारा होता. ही चाल दक्षिणेत अधिक काटेकोर पाळतात.

चंद्रबळ राहिलं. त्या दिवशी चंद्र वृषभेत होता. मिथुन, तूळ आणि कुंभ राशीच्या यजमानांना तो अनुक्रमे बारावा, आठवा आणि चौथा, म्हणून प्रतिकूल. अशा वेळी घरातल्या ज्याला चंद्र अनुकूल त्याच्या हातून पूजा करावी, ही सोय अनेक घरं घेतात.

गफलत सर्वाधिक होते ती गावाच्या बाबतीत. तिथी आणि नक्षत्र भारतभर एकाच क्षणी संपतात, पण सूर्योदय, लग्न आणि राहुकाळ गावागणिक बदलतात. नागपुरात सूर्य मुंबईच्या जवळजवळ अर्धा तास आधी उगवतो, त्यामुळे मुंबईची वेळ तिथे जशीच्या तशी लावली तर लग्नाच्या शेवटाला चूक होते. न्यू जर्सीत तर त्या दिवशी रोहिणी मध्यरात्रीनंतर सव्वाच्या सुमारास संपली आणि तृतीया संध्याकाळी साडेपाचच्या आत. ऑफिसातून परतून सातला पूजा मांडणाऱ्या मराठी घराला तिथे चतुर्थीच मिळाली असती. त्यांना सकाळी, मृग नक्षत्रावर, कामाला जाण्यापूर्वीच कलश आत न्यावा लागला असता.