वेळापत्रक प्लॅनर: रंग तुम्ही छापू नका, मुलांना भरू द्या

व्हिडिओत आपण प्लॅनर बनवून पाहिला, आता मापं नीट लिहून घ्या.

आधी एक चूक बघा. आपल्या एका ताईंनी विषयांप्रमाणे गडद रंग भरलेले 200 प्लॅनर छापले. दिसायला झकास! पण गडद चौकटीत बॉलपेनचं लिहिलेलं दिसेना. शिवाय ताईंनी सोमवारचा पहिला तास गणिताचा धरला होता आणि प्रत्येक शाळेचं वेळापत्रक वेगळं. गठ्ठा तसाच पडून राहिला.

मापं अशी घ्या

ए-फोर कागद आडवा धरा, म्हणजे 297 × 210 मिमी. बहुतेक प्रिंटर अगदी कडेपर्यंत छापत नाहीत, म्हणून चारही बाजूंना 10 मिमी समास सोडा. उरले 277 × 190.

रुंदीत वेळेचा रकाना 25 मिमी, उरलेल्या 252 मध्ये सात वार, प्रत्येकी 36 मिमी. रविवार काढू नका, क्लासच्या टेस्ट त्याच दिवशी असतात.

उंचीत शीर्षकाला 15, वारांच्या ओळीला 10 आणि खाली टिपांना 40 मिमी. राहिले 125. त्यात दहा ओळी: शाळेच्या आठ तासिका, एक क्लास, एक घरचा अभ्यास. म्हणजे चौकट साडेबारा मिमी उंच. मधोमध एक बारीक रेघ मारली की वर विषय, खाली धडा लिहिता येतो. लहान मुलांचं अक्षर मोठं असतं, त्यांच्यासाठी मधली रेघ नको.

रंगांचं काय?

प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात 5 मिमीचा रिकामा चौकोन ठेवा. खाली उजवीकडे, टिपांच्या पट्टीतच, रंगसूची द्या: आठ रिकामे चौकोन आणि प्रत्येकापुढे विषय लिहायला रेघ. मूल स्वतःच्या स्केचपेनने आधी सूची रंगवेल, मग वेळापत्रक. एकच डिझाईन सगळ्या शाळांना चालेल आणि छपाई फक्त काळ्या शाईत होईल. डावीकडे टिपांसाठी 8 मिमी अंतराच्या पाच रेघा येतात.

विकण्याआधी तपासा

रेघा फिक्या राखाडी ठेवू नका. लेझर प्रिंटर राखाडी रंग ठिपक्यांनी छापतो, त्यामुळे बारीक रेघ तुटक दिसते. आतल्या रेघा अर्धा पॉइंट, बाहेरची चौकट एक पॉइंट, दोन्ही काळ्याच.

पीडीएफ जवळच्या झेरॉक्सवाल्याकडे न्या, सेटिंग `Actual size` ठेवायला सांगा. `Fit` असेल तर पान आक्रसू शकतं. प्रिंट हातात आली की पट्टीने चौकट मोजा. 36 मिमी भरली पाहिजे. मग घरातल्या किंवा शेजारच्या मुलाला पूर्ण आठवडा भरायला द्या. 'समाजशास्त्र' रेघेबाहेर गेलं, तर रकाना अरुंद आहे. अशा वेळी वेळेचा रकाना 18 मिमी करा, प्रत्येक वाराला 1 मिमी जास्त मिळेल.

हे सगळं जमलं की मगच गठ्ठ्याची ऑर्डर द्या.