चेक हातात आला? बँकेत टाकण्याआधी अक्षरी रक्कम आणि आकडा जुळवून बघा!

छत्रपती संभाजीनगर : माल विकला, काटा झाला, व्यापाऱ्याने चेक दिला. आपण काय करतो? चौकटीतला आकडा बघतो, बरोबर वाटला की चेक खिशात. चेकवर रक्कम दोनदा लिहिलेली असते, एकदा अक्षरात आणि एकदा आकड्यात. या दोन्हीत फरक निघाला तर कायदा आकड्याच्या नाही, अक्षराच्या बाजूने उभा राहतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्यामुळे चेक कसा वाचायचा ते आज एका उदाहरणातून समजून घेऊ.

समजा, कन्नड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने अद्रक विकली. १८ क्विंटल माल, भाव ४,४५० रुपये. एकूण झाले ८०,१०० रुपये. हमाली-तोलाईचे ७५० वजा जाऊन पट्टीवर हातात येणारी रक्कम ७९,३५० रुपये. तारीख ५ जानेवारी २०२६. व्यापाऱ्याने तेवढ्याचा चेक फाडून दिला. मुलगा शहरात पुंडलिकनगरला खोली करून राहतो, कंपनीत कामाला आहे. त्याने फोनवर सांगितलं, "आबा, चेक लगेच बँकेत टाकू नका, आधी मला फोटो पाठवा."

हे 'आधी फोटो पाठवा' का महत्त्वाचं, ते पुढे कळेल.

बँकसुद्धा फोटोच वाचते

पूर्वी आपला चेक पाकिटातून दुसऱ्या बँकेत जायचा. आता तसं नाही. आपण ज्या शाखेत चेक टाकतो तिथेच तो स्कॅन होतो आणि कागद तिथेच थांबतो. ज्याने चेक दिला त्याच्या बँकेकडे जातो तो फक्त फोटो आणि खालच्या पट्टीतले आकडे. या पद्धतीला चेक ट्रंकेशन सिस्टीम, म्हणजे सीटीएस म्हणतात.

चेकच्या तळाला जी पांढरी पट्टी असते, तिच्यावर चुंबकीय शाईने चेक नंबर, बँक-शाखेचा नऊ अंकी कोड वगैरे छापलेलं असतं. ते मशीन बिनचूक वाचतं. पण नाव, तारीख, अक्षरी रक्कम आणि आकडा या चार गोष्टी हाताने लिहिलेल्या असतात. त्या फोटोवरूनच वाचाव्या लागतात. स्कॅन होतानाचे फोटो काळे-पांढरे आणि राखाडी असतात, रंगीत नसतात. त्यामुळे फिकट शाई, गिरवलेला अंक, रकमेवर पडलेला दुकानाचा शिक्का हे सगळं कागदावर आपल्याला कळतं, पण फोटोत काळा डाग होऊन बसतं. आपण मोबाईलवर फोटो काढून वाचला तर बँकेला काय दिसणार याचा अंदाज आधीच येतो.

फोटो काढताना चेक टेबलावर सपाट ठेवा. दिवसाच्या उजेडात, बरोबर वरून, फ्लॅश बंद ठेवून आणि चारही कोपरे येतील असा काढा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबला जाऊन बारीक अक्षरं पुसट होतात, म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवा. आणि पाठवायचा तो घरच्याच माणसाला. चेकवर व्यापाऱ्याचा खाते नंबर आणि सही दोन्ही असतात, तो फोटो ग्रुपवर फिरवण्याची गोष्ट नाही.

आधी अक्षर, मग आकडा

मुलाने फोटो उघडला. पहिलं काम काय केलं? चौकटीतल्या आकड्यावर अंगठा ठेवला. हीच खरी युक्ती आहे. आकडा आधी दिसला की डोळा अक्षरातही तोच आकडा वाचतो, चूक असली तरी दिसत नाही. म्हणून आकडा झाकायचा, अक्षरी रक्कम मोठ्याने वाचायची आणि वेगळ्या कागदावर स्वतः आकड्यात लिहायची.

चेकवर अक्षरात लिहिलेलं होतं : 'एकोणसत्तर हजार तीनशे पन्नास फक्त'.

आता याचे तुकडे पाडा. लाखाच्या जागी काही नाही. हजाराच्या जागी एकोणसत्तर, म्हणजे सत्तरला एक कमी, ६९. शेकड्याच्या जागी तीन. शेवटी पन्नास. कागदावर आलं ६९,३५०.

मग अंगठा काढला. चौकटीत होतं ७९,३५०. पट्टीवरही ७९,३५०. म्हणजे आकडा बरोबर, अक्षर चुकलं. लिहिणाऱ्याला 'एकोणऐंशी' लिहायचं होतं, घाईत 'एकोणसत्तर' पडलं. फरक सरळ दहा हजारांचा!

मराठीत ही चूक फार सहज होते. इंग्रजीत 'सेव्हन्टी नाईन' म्हटलं की सात आधी ऐकू येतो. आपल्याकडे 'एकोण' आला की पुढचा शब्द दहाने वरचा असतो : एकोणसाठ म्हणजे ५९, एकोणसत्तर ६९, एकोणऐंशी ७९, एकोणनव्वद ८९. तसंच सदुसष्ट, सत्याहत्तर, सत्त्याऐंशी (६७, ७७, ८७) हे शब्दही घाईत एकमेकांच्या जागी पडतात. चेक मराठीत लिहायला काही हरकत नाही, बँकेला तो घ्यावाच लागतो. फक्त वाचताना 'एकोण' दिसला की थांबा, पुढचा शब्द नीट बघा आणि त्यातून एक वजा करा.

आकड्यातही दोन खाचा आहेत. पहिली, मराठी आणि इंग्रजी अंकांची सरमिसळ. मराठी १ आणि इंग्रजी 9 हाताने लिहिले की जवळपास सारखेच दिसतात. मराठी ४ हा इंग्रजी 8 सारखा वाटतो. एकाच आकड्यात दोन्ही लिपी आल्या तर मशीन काय आणि कारकून काय, कोणीही गडबडेल. दुसरी खाच शून्याची. 'एक लाख पाच हजार' म्हणजे १,०५,००० आणि 'एक लाख पन्नास हजार' म्हणजे १,५०,०००. स्वल्पविराम कुठे पडला ते बघून उजवीकडून जागा मोजा. बोलण्यातलं 'पावणेदोन लाख' किंवा 'साडेबारा हजार' चेकवर नको, तिथे 'एक लाख पंचाहत्तर हजार' असंच पूर्ण लिहून घ्या.

फरक निघाला तर पैसे किती मिळतात?

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ चं कलम १८ सांगतं की अक्षरी आणि आकडी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कमच देय धरायची. कारण साधं आहे, आकड्यात एक रेघ वाढवणं सोपं, अख्खा शब्द बदलणं अवघड. आपल्या उदाहरणात कायद्याच्या नजरेने हा चेक ६९,३५० रुपयांचाच. उरलेल्या दहा हजारांचा पुरावा चेक नाही, पट्टी आहे. म्हणून पट्टी जपून ठेवा.

पण प्रत्यक्षात बँका बहुतेक वेळा असा चेक पास करत बसत नाहीत, 'अक्षरी व आकडी रकमेत फरक' असा शेरा मारून परत पाठवतात. यात आपलं दुहेरी नुकसान होतं. दिवस वाया जातात ते एक. दुसरं असं की चेक बाउन्सच्या केसचं कलम १३८ हे मुळात खात्यात पैसे कमी पडले म्हणून चेक परत आला तर त्यासाठी आहे. लिहिण्यातल्या चुकीवरून परत आलेला चेक घेऊन ती केस उभी करणं सोपं नसतं.

मग खाडाखोड करून दुरुस्त करून घ्यायचा का? नाही. सीटीएसमधून जाणाऱ्या चेकवर नाव किंवा रकमेत दुरुस्ती चालत नाही, शेजारी सही केली तरी नाही. रिझर्व्ह बँकेने सूट ठेवली आहे ती फक्त तारखेच्या दुरुस्तीला. रक्कम चुकली तर एकच उपाय, नवीन चेक.

तारीख आणि नाव

मुलाने तारखेच्या आठ चौकटी वाचल्या. दोन दिवसाच्या, दोन महिन्याच्या, चार वर्षाच्या. तिथे होतं ०५ ०१ २०२५. वर्ष चुकलं! जानेवारीत ही चूक ठरलेली, हात जुन्याच वर्षावर जातो. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, हा नियम १ एप्रिल २०१२ पासून आहे. म्हणजे कालच लिहिलेला हा चेक बँकेच्या हिशेबाने वर्षभर जुना, मुदत संपलेला. उलट तारीख पुढची असेल तर त्या दिवसापर्यंत थांबावं लागतं.

शेवटी नाव. पासबुकवर जे नाव आहे तेच चेकवर हवं. गावात सगळे 'बापू' किंवा 'पाटील' म्हणत असले तरी बँक पासबुक बघते. पासबुक शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, आडनाव एकेक जुळवा. नावापुढे आणि अक्षरी रकमेपुढे मोकळी जागा राहिली असेल तर लिहिणाऱ्याकडून तिथेच आडवी रेघ मारून घ्या. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा आणि 'अकाउंट पेयी' असेल तर पैसे खात्यातच जमा होतात, चेक हरवला तरी दुसरा कोणी रोख काढू शकत नाही.

याचं काम व्यापाऱ्याच्या दुकानातच

आता घाई आणखी वाढली आहे. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक गठ्ठ्याने थांबवून न ठेवता स्कॅन होतील तसे पुढे पाठवले जातात आणि समोरच्या बँकेला त्याच दिवशी हो किंवा नाही सांगावं लागतं. बरोबर असलेला चेक लवकर जमा होतो, तसा चुकीचा चेकही लवकर परत येतो. मध्ये कोणी फोन करून विचारेल अशी आशा ठेवू नका.

आपल्या उदाहरणात आबांनी मुलाचं ऐकलं, पट्टी आणि चेक घेऊन दुसऱ्या दिवशी दुकानावर गेले. दोन चुका समोरासमोर दाखवल्या, जुना चेक परत दिला, नवीन घेतला आणि तिथेच उभं राहून पुन्हा वाचला : नाव, तारीख, आकडा झाकून अक्षर, मग आकडा, शेवटी पट्टी. दोन मिनिटांचं काम होतं. पहिल्याच दिवशी काट्यावरून निघण्याआधी केलं असतं तर दुसरी चक्करही वाचली असती.