लॉगरिथमाचे आधारांक-परिवर्तन
लॉगरिथमाचे आधारांक-परिवर्तन : एका आधारांकाचा लॉगरिथम दुसऱ्या आधारांकाच्या लॉगरिथमांवरून काढण्याची रीत. पुष्कळशा गणकयंत्रांवर लॉगरिथमाच्या दोनच कळा असतात : log ही १० या आधारांकाची व ln ही e (२·७१८२८...) या आधारांकाची. अन्य आधारांकासाठी ही रीत वापरावी लागते.

एखाद्या आधारांकाचा जो घात केल्यास दिलेली संख्या मिळते, तो घातांक म्हणजे त्या संख्येचा त्या आधारांकाचा लॉगरिथम होय. b या आधारांकाचा a चा लॉगरिथम x असल्यास bˣ = a. दोन्ही बाजूंचे log घेतले असता x log b = log a हे समीकरण मिळते; म्हणून x = log a ÷ log b. log ऐवजी दोन्हीकडे ln वापरला तरी उत्तर तेच येते. कारण कोणत्याही संख्येचा ln तिच्या log च्या २·३०२५८५ पट असतो आणि ही पट भागाकारात निघून जाते.

उदाहरणार्थ, दरमहा १ टक्का चक्रवाढ व्याजाने रक्कम दुप्पट होण्यास लागणारे महिने म्हणजे १·०१ या आधारांकाचा २ चा लॉगरिथम. log २ = ०·३०१०३० व log १·०१ = ०·००४३२१३७; भागाकार ६९·६६ येतो. ln वापरल्यास ०·६९३१४७ ÷ ०·००९९५०३३ हाही ६९·६६ च येतो. व्याजाची आकारणी महिनाअखेरीस होत असल्यास रक्कम ७० व्या महिन्याच्या अखेरीस दुपटीच्या किंचित पुढे जाते.

अंशासाठी log व छेदासाठी ln दाबल्यास ३०·२५ हे चुकीचे उत्तर मिळते. भागाकाराऐवजी वजाबाकी केल्यास २ ÷ १·०१ या संख्येचा log, म्हणजे ०·२९६७, हाती येतो. आधारांकाचा आलेला घात करून पाहिल्यास चूक उघड होते : १·०१ चा ३०·२५ वा घात सुमारे १·३५ भरतो, २ नव्हे.

आधारांक १ च्या जवळ असता छेद फार लहान असतो व त्यातील अल्प त्रुटीही उत्तरात मोठी होते. वरील छेद ०·००४३ असा चारच दशांश स्थळांपर्यंत घेतल्यास भागाकार ७०·००७ येतो आणि ७० ऐवजी ७१ महिने लागतील असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून मधली मूल्ये कागदावर उतरवून न घेता यंत्रातच ठेवून भागाकार करणे इष्ट असते. आधारांक १ च असल्यास छेद शून्य होतो व यंत्र त्रुटी दर्शविते. १ चा कोणताही घात १ च असल्याने असा लॉगरिथम मुळातच अर्थहीन आहे. तसेच वास्तव संख्यांच्या मर्यादेत आधारांक व दिलेली संख्या दोन्ही धन असावी लागतात.