बजेट कोटींचं, ताटं किती?

‘पाच वर्षांत ५००हून अधिक कार्यक्रम, ५० कोटींची उलाढाल, १०० टक्के समाधानी ग्राहक.’ इव्हेंट मॅनेजरच्या चकचकीत माहितीपत्रकावर असं वाक्य हमखास असतं. लग्नघरातली मंडळी ते वाचून भारावतात आणि पुढचे फोटो बघू लागतात. खरं तर पहिल्या आकड्यापाशीच थोडा भागाकार करायला हरकत नाही. ५०० कार्यक्रम म्हणजे वर्षाला १००. लग्नं मुहूर्तावर होतात आणि चातुर्मासात बहुतेकांकडे ती थांबतात, त्यामुळे उरलेल्या महिन्यांत एकेका तारखेला तीन-तीन हॉल सांभाळावे लागतात. मोठी कंपनी असेल तर तीन तुकड्या असतीलही. मग आपल्या लग्नाला त्यातली कुठली तुकडी येणार आणि तिने स्वतः किती कार्यक्रम केलेत, हे विचारायला हवं.

याच्या शेजारी दुसरं एक प्रोफाइल ठेवून पाहू. ते कुणा एका व्यक्तीचं नाही. पुण्यासारख्या शहरात मध्यम आकाराचं काम करणाऱ्या मॅनेजरचा हिशेब कसा दिसू शकतो, याचा हा बेतलेला नमुना आहे. गेल्या वर्षी २४ कार्यक्रम झाले. त्यांत १३ लग्नं, कंपन्यांचे ७ मेळावे आणि ४ छोटे सांस्कृतिक कार्यक्रम. लग्नाचं बजेट सरासरी १४ लाख, कंपनीच्या मेळाव्याचं ६ लाख, सांस्कृतिक कार्यक्रमाचं ४ लाख. बेरीज २ कोटी ४० लाख होते.

हे पैसे मॅनेजरचे नसतात. ते यजमानाच्या खिशातून निघून मंडपवाले, केटरर, साउंडवाले यांच्याकडे जातात. मॅनेजरच्या हाती राहते ती फी. ती दहा टक्के धरली तर वर्षाला २४ लाख, आणि त्यातूनच मदतनिसांचे पगार, ऑफिसचं भाडं, गाडीचं पेट्रोल निघतं. सेवा देणाऱ्याची उलाढाल सर्वसाधारणपणे २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते. म्हणून कोटींच्या गोष्टी करणाऱ्याकडे जीएसटी नंबर मागितला, तर त्याला राग येण्याचं कारण नाही.

आता या १३ लग्नांपैकी एकाचा हिशेब उघडू. जेवणाची ५०० ताटांची गॅरंटी, ताटाला ७५० रुपये, म्हणजे ३ लाख ७५ हजार. हॉल अडीच लाख. मंडप आणि सजावट ३ लाख २० हजार. साउंड, लाइट आणि एलईडी वॉल १ लाख १० हजार. फोटो-व्हिडिओ १ लाख ६० हजार. गुरुजी, सनई-चौघडा, मेकअप, पाहुण्यांच्या गाड्या मिळून ९० हजार. एकूण १३ लाख ५ हजार आणि त्यावर फी व कर.

लग्न पार पडलं तेव्हा हा खर्च १३ लाख ६३ हजारांवर गेला होता. वाढलेल्या ५८ हजारांत ४८ जादा ताटांचे ३६ हजार होते. ऐन मोसमात फुलं महागली म्हणून १४ हजार वाढले आणि वीज गेल्यामुळे जनरेटरच्या डिझेलला ८ हजार लागले. म्हणजे अंदाजापेक्षा सुमारे साडेचार टक्के जास्त. ‘बजेटमध्ये काम केलं’ या वाक्यापेक्षा हा एक टक्का आणि त्यामागची तीन कारणं यजमानाला कितीतरी जास्त सांगून जातात. इथे एक बारीक प्रश्नही विचारून घ्यावा. फी टक्क्यात असेल, तर खर्च वाढला की ती आपोआप वाढते का? की ती ठरलेल्या अंदाजावरच राहते? या लग्नात पहिली रीत असती, तर मॅनेजरला ५,८०० रुपये जादा मिळाले असते. शिवाय काही व्हेंडर मॅनेजरला परस्पर कमिशन देतात. ते असेल तर कोटेशनमध्ये दिसायला हवं.

हजेरीच्या आकड्यात सर्वात जास्त हवा भरलेली असते. त्याच लग्नाला निमंत्रण होतं सुमारे ८०० जणांना. व्हिडिओत हॉल गच्च दिसतो, त्यामुळे प्रोफाइलमध्ये ‘१००० पाहुणे’ लिहायचा मोह होतो. खरा आकडा मिळतो तो ताटांपाशी. बुफे सुरू होण्याआधी केटररने किती ताटं मांडली आणि शेवटी किती कोरी उरली, यांची वजाबाकी हीच मोजणी. घरातलं एक खमकं माणूस दोन्ही वेळा तिथे उभं राहिलं की बिलावरून वाद होत नाहीत. वापरलेली ताटं भरली ५४८. त्यांतली ३२ फोटोग्राफर, ड्रायव्हर आणि साउंडच्या पोरांची. उरली ५१६. त्यातही कुणी दुसऱ्यांदा नवं ताट घेतलेलं असतं आणि लहान मुलं आईच्या ताटात जेवलेली असतात. म्हणून ‘सुमारे ५००’ हा प्रामाणिक आकडा.

मैदानावरच्या मोफत कार्यक्रमाला ताटं नसतात. तिथे जागा मोजावी. २,००० चौरस मीटरच्या मैदानात १०,००० माणसं आली, असा दावा म्हणजे एका चौरस मीटरमध्ये पाच जण. खुर्च्या आणि मधल्या वाटा ठेवून ते शक्यच नाही. खुर्च्या नसतील तर ती गर्दी मिरवण्याऐवजी काळजी करण्याजोगी आहे.

व्हेंडरांच्या बाबतीत ‘१५० व्हेंडरांचं नेटवर्क’ या ओळीतून काहीच कळत नाही. या लग्नात ९ व्हेंडर होते. ७ जण ठरल्या वेळेवर आले. डेकोरेटर ४० मिनिटं उशिरा आला, पण मुहूर्त १२ वाजून २७ मिनिटांचा आणि सजावट ताब्यात घ्यायची वेळ १० ठेवल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही. नवव्याने आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी बंद पडल्याचं कळवलं, आणि त्याच्या जागी दुसरा उभा करावा लागला. मॅनेजरचं कसब दिसतं ते इथे. आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन, सगळ्यांच्या हातात एकच वेळापत्रक, आणि इसार दिल्यावरही थोडी रक्कम काम संपेपर्यंत राखून ठेवलेली. संध्याकाळच्या रिसेप्शनला वेळापत्रकात आणखी एक पक्की ओळ लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. सरकारने सवलत दिलेले वर्षातले मोजके दिवस सोडले, तर डीजेवाल्याला पावणेदहालाच आवरतं घ्यायला सांगणारा माणूस तिथे हवा.

राहिला ग्राहकांचा अभिप्राय. लग्न परत परत होत नाही, त्यामुळे ‘पुन्हा आलेले ग्राहक’ हा हिशेब तिथे लागू नाही. तिथे पाहायचं ते हे, की १३ पैकी ५ घरं आधीच्या एखाद्या लग्नात पाहुणी म्हणून आलेली होती. कंपन्यांचं उलट आहे. ७ मेळावे ४ कंपन्यांचे होते, म्हणजे त्यांतल्या काहींनी एकाच वर्षात पुन्हा बोलावलं. लग्नानंतर दहा दिवसांनी, शेवटचं बिल चुकतं झाल्यावर १३ घरांना प्रश्नावली पाठवली. ९ जणांनी उत्तर दिलं आणि पाचपैकी सरासरी ४.३ गुण दिले. चार घरं गप्प राहिली, हेही प्रोफाइलमध्ये लिहिलेलं आहे. तीन घरांची तक्रार एकच होती: मुहूर्त लागल्या लागल्या सगळे एकदम जेवायला वळले आणि दोनच काउंटरांपुढे रांग गेली. त्यानंतरच्या लग्नांत दोन्ही बाजूंनी वाढणारे चार काउंटर लावले, आणि ज्येष्ठांसाठी टेबलावर वाढायला दोन वाढपी वेगळे ठेवले. त्या वाढप्यांचा खर्च नव्या कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत लिहिलेला आहे.