तळ्याचा तळ आणि सांडव्याची पातळी

कांजूरमार्गच्या पश्चिमेस, डोंगराच्या कुशीत, पवईचा तलाव आहे. १८९०-९१च्या सुमारास बांधल्या गेलेल्या या तलावाची माहिती देताना महानगरपालिका तीन आकडे देते. पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, तलाव भरलेला असताना पाण्याचा पसरट विस्तार सुमारे २.२३ चौरस किलोमीटर आणि साठा ५४५.५ कोटी लिटर. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर हे लक्षात घेऊन साठ्याला विस्ताराने भागले, तर सरासरी खोली सुमारे २.४५ मीटर येते. बांधाजवळची खोली याच्या कितीतरी पट असते, तेव्हा एवढी कमी सरासरी याचाच पुरावा ठरते की या तलावाचा मोठा भाग उथळ आहे. साठ्याचा आकडा खोल जागेपेक्षा उथळ काठ अधिक ठरवतो, ही गोष्ट लहान गावतळ्याच्या मोजणीतही तितकीच खरी आहे. आणि मोजणारे बहुधा नेमके तिथेच चुकतात.

होडीतून तळ मोजण्याची पद्धत वर्णनाला सोपी आहे. होडी एका काठावरून दुसऱ्या काठाकडे समांतर रेषांत चालवायची, ठराविक अंतराने उपग्रहावरून मिळणारे स्थान नोंदवायचे आणि त्याच क्षणी पाण्याची खोली मोजायची. खोली मोजण्यासाठी तळ्यात सेंटिमीटरच्या खुणा केलेला बांबू पुरतो, मात्र त्याच्या टोकाला ताटलीसारखी सपाट चकती बसवावी लागते, नाहीतर बांबू मऊ गाळात रुततो आणि खोली खऱ्यापेक्षा जास्त दिसते. दुसरे साधन म्हणजे ध्वनिखोलीमापक. हे यंत्र पाण्यात ध्वनीचा स्पंद सोडून तळावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीचा वेळ मोजते आणि पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धरून त्यावरून खोली काढते. तापमानानुसार हा वेग थोडा बदलतो, पण तीन मीटरच्या तळ्यात त्यामुळे पडणारा फरक काही सेंटिमीटरांचाच असतो. पाणवनस्पतींचा त्रास त्याहून मोठा असतो, कारण पानांवरून परतलेला प्रतिध्वनी यंत्र तळाचा म्हणून घेते. पवईसारख्या तलावात तर जलपर्णीमुळे होडीच पुढे सरकत नाही आणि मगरींमुळे काठावर उतरून मोजणेही धोक्याचे असते.

स्थानाची बाब त्या मानाने क्षमाशील आहे. साध्या मोबाइलचे स्थान तीन ते पाच मीटरने चुकू शकते, तरी दहा मीटर अंतराच्या रेषांमध्ये त्याने तळाचा आकार फारसा बिघडत नाही. पण अक्षांश-रेखांश चारच दशांश स्थळांपर्यंत लिहिले, तर नोंदी सुमारे अकरा मीटरच्या टप्प्यांत गोळा होतात, म्हणून निदान सहा स्थळे ठेवावी लागतात. नंतर हे अंश मीटरमध्ये बदलावे लागतात, कारण मुंबईच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर, तर अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर भरतो आणि दोन्ही सारखे धरले तर क्षेत्रफळ चुकते. क्यूजीआयएससारख्या संगणकीय नकाशाप्रणालीत या भागासाठी EPSG:32643 ही प्रक्षेपणपद्धती निवडली की हे काम होते. खोलीचे आणि स्थानाचे घड्याळ जुळले नाही, तर आणखी एक दोष येतो. सेकंदाला एक मीटर जाणाऱ्या होडीत दहा सेकंदांचा फरक खोलीला दहा मीटर सरकवतो, आणि जाताना व येताना तो उलट्या दिशांनी सरकत असल्यामुळे नकाशावरील समखोलीरेषा करवतीच्या दातांसारख्या दिसू लागतात. या खुणेवरून दोष ओळखता येतो. म्हणूनच समांतर रेषांना छेदणाऱ्या दोन-तीन आडव्या रेषा मुद्दाम घेऊन छेदबिंदूंवरच्या खोल्या ताडून पाहतात.

पातळीची गोष्ट मात्र क्षमा करत नाही. खोली ही त्या दिवशीच्या पाण्यापासून मोजलेली असते, तर साठा सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याच्या कडेच्या, पातळीपर्यंत सांगायचा असतो. सांडव्याची पातळी सोयीसाठी १०० मीटर मानली आणि मोजणीच्या दिवशी पाणी तिच्याखाली ४० सेंटिमीटर असले, तर पाण्याची पातळी ९९.६० होते. यंत्राने २.१० मीटर खोली दाखवली आणि त्याचा ध्वनिग्राहक पाण्याखाली २० सेंटिमीटर बुडालेला असला, तर खरी खोली २.३० मीटर आणि तळाची पातळी ९७.३० होते. हे वीस सेंटिमीटर मिळवायचे राहिले, तर चूक प्रत्येक नोंदीत एकाच दिशेने येते आणि सरासरीत ती नाहीशी होत नाही. उरलेल्या ४० सेंटिमीटरांच्या उतारावर होडी जाऊच शकत नाही, तो भाग काठावर लेव्हल यंत्राने मोजून जोडावा लागतो.

उदाहरणादाखल एक तळे घेऊ. सांडव्याच्या पातळीवर त्याचे क्षेत्रफळ ९,६०० चौरस मीटर, एक मीटर खाली ७,२००, दोन मीटर खाली ४,५००, तीन मीटर खाली १,८०० आणि सर्वांत खोल बिंदू ३.६ मीटरवर आहे, असे मानू. प्रत्येक थराचे घनफळ काढताना वरचे क्षेत्रफळ, खालचे क्षेत्रफळ आणि त्या दोघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ यांची बेरीज करून तिला थराच्या जाडीने गुणतात आणि तीनने भागतात. या रीतीने वरच्या मीटरात ८,३७१, दुसऱ्यात ५,७९७, तिसऱ्यात ३,०४९ आणि तळाच्या निमुळत्या भागात ३६० घनमीटर येतात. एकूण साठा १७,५७७ घनमीटर, म्हणजे पाटबंधाऱ्याच्या भाषेत सुमारे १७.६ सहस्र घनमीटर किंवा पावणेदोन कोटी लिटर. ध्वनिग्राहकाचे वीस सेंटिमीटर विसरले गेले असते, तर साठा सुमारे १,९२० घनमीटरांनी, म्हणजे जवळजवळ अकरा टक्क्यांनी कमी ठरला असता.

याउलट चूक काठाच्या दुर्लक्षातून होते. होडी मध्यभागीच फिरली आणि नोंदलेल्या खोल्यांची सरासरी २.३ मीटर आली, तर तिला क्षेत्रफळाने गुणून २२,०८० घनमीटर मिळतात, जे खऱ्या साठ्याच्या सव्वा पट आहेत. खरी सरासरी १.८३ मीटरच आहे. संगणकाने बिंदूंमधील जागा भरून काढली तरी हा दोष सुटत नाही, कारण काठाचे बिंदू दिले नसतील तर तो काठापाशीही होडीजवळचीच खोली धरतो. म्हणून काठाची संपूर्ण रेषा चालून तिची पातळी नोंदवणे आणि ते बिंदू इतर नोंदींबरोबर देणे हे होडीतल्या कोणत्याही फेरीइतकेच आवश्यक आहे. एका बिंदूभोवती नकाशात वर्तुळे उमटली, तर ती बहुधा गणितपद्धतीने पाडलेली असतात आणि तिथे तळात खड्डा आहे असे समजू नये.

थरांची बेरीज हाती आली की एका आकड्याऐवजी पातळी आणि साठा यांची सारणी तयार होते. वरील तळ्यात पाणी सांडव्याखाली एक मीटर उतरले, तर ९,२०६ घनमीटर उरतात, म्हणजे ३.६ मीटरपैकी एकच मीटर जाऊन निम्म्याच्या जवळपास साठा संपलेला असतो. हीच सारणी गाळ काढण्याच्या आधी आणि नंतर करून दोन्हींतील फरक काढलेला गाळ म्हणून धरता येतो, आणि २०१७ पासूनच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेसारख्या कामांत तो प्रश्न प्रत्यक्ष देयकांशी निगडित होतो. दोन्ही मोजण्यांच्या आधारपातळीत पाच सेंटिमीटरांचा फरक पडला, तरी पूर्ण विस्तारावर तो ४८० घनमीटरांचा होतो. एका ट्रॉलीत तीन घनमीटर गाळ धरला, तर तो १६० ट्रॉली भरेल, आणि प्रत्यक्षात त्यातील एकही भरलेली नसेल. त्यामुळे पहिल्या मोजणीच्या वेळीच सांडव्याच्या दगडी कडेवर किंवा देवळाच्या जोत्यावर कोरलेली आधारखूण ठेवून पाण्याची पातळी रोज मोजणीच्या आरंभी आणि शेवटी तिच्यावरून तपासली जाते.