नातीला मिळालेली चार मिनिटं

आमचं गाव नीरेच्या काठी आहे. आमच्याकडे दशक्रियेला सकाळी घाटावर पिंडदान होतं, कावळा शिवतो, तोवर महाराजांचं प्रवचन चालू असतं. मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू होतात. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, शाळेचे जुने हेडमास्तर बोलतात, आलेले शोकसंदेश वाचले जातात. अलीकडे शेवटी घरातल्या नातवंडालाही माईक देतात. आबा गेले तेव्हा तो माझ्याकडे आला. वडील म्हणाले, "चार मिनिटं बोल, पण लिहून काढ. तिथं उभं राहिल्यावर काही आठवत नाही."

मी लिहायला बसले. अर्ध्या तासात पान भरलं आणि ते वाचून मलाच वाईट वाटलं. मनमिळाऊ, हसतमुख, कष्टाळू, परोपकारी. त्यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. ही वाक्यं खोटी नव्हती, पण ती कुणाच्याही आजोबांना लागू पडली असती. नाव बदललं की झालं. चौकातल्या फ्लेक्सवर याच ओळी आधीच छापलेल्या होत्या.

मग मी चार जणांना फोन केले. "आबा कसे होते?" असं विचारलं की सगळे एकच सांगत: देवमाणूस. त्यापुढे कुणी जाईना. म्हणून पुढच्या फोनला प्रश्न बदलला, "त्यांनी तुमच्यासमोर केलेलं एखादं काम सांगा." आबा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्याबरोबर बरीच वर्षं गाडी चालवलेल्या ड्रायव्हरकाकांनी एक गोष्ट सांगितली आणि त्या गोष्टीवर माझं सगळं भाषण उभं राहिलं.

सुटे नसले की कंडक्टर तिकिटामागे उरलेली रक्कम लिहून देतो. उतरताना ती मागून घ्यायची असते. एका बाजारच्या दिवशी एक म्हातारी बाई गर्दीत तशीच उतरून गेली. तिचे पाच रुपये आबांकडे राहिले. डेपोत हिशेब वे-बिलाशी जुळावा लागतो, जास्त निघालेली रक्कम भरून टाकावी लागते. आबांनी ती भरली. पुढच्या आठवडी बाजाराला ती बाई गाडीत चढली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या खिशातून तिला पाच रुपये दिले. तिला आठवतही नव्हतं. आबा एवढंच म्हणाले, "माझ्याकडे लिहिलेलं आहे."

हे सांगितल्यावर "प्रामाणिक" हा शब्द लिहायची गरज उरली नाही. तो मी खोडला.

यानंतरची अडचण व्याकरणाची होती. घरात आम्ही आबांना "अरे आबा, तू जेवलास का?" असंच विचारायचो. काकू म्हणाल्या, "एवढ्या माणसांत अरेतुरे बरं दिसणार नाही." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. उलट सगळं भाषण "कैलासवासी आबासाहेब यांनी" असं केलं, तर बोलणारी त्यांची नात वाटेना, कुणी पाहुणी वाटू लागली. मराठीत मान आणि माया यांची वाटणी क्रियापदातच होते, त्यामुळे हा निर्णय टाळता येत नाही. मी असं ठरवलं की आबांविषयी सांगताना "आबा म्हणायचे, आबा निघायचे" असा आदरार्थी प्रयोग ठेवायचा आणि आबांशी बोलताना, म्हणजे अगदी शेवटच्या दोन वाक्यांतच, "तू" म्हणायचं. काकूंना ते पटलं.

"म्हणायचे", "निघायचे" ही रूपं अशा लेखनात फार कामाची असतात. ती सवय सांगतात, माणूस रोज कसा वागायचा ते दिसतं. पण सगळाच मजकूर त्यात लिहिला की एकही दिवस डोळ्यांसमोर उभा राहत नाही. म्हणून सवयीची तीन-चार वाक्यं झाली की एक घडलेला प्रसंग हवा, "एकदा" ने सुरू होणारा, साध्या भूतकाळातला.

एक गोष्ट लिहावी की नाही यावर मी दोन दिवस अडले होते. बारावीनंतर आत्याला नर्सिंगला पुण्याला जायचं होतं. आबांनी जाऊ दिलं नाही. ते लपवून त्यांना संत करणं मला नको होतं, आणि घाटावर त्यांचा हिशेब मांडणंही नको होतं. मी आत्यालाच विचारलं, कारण जखम तिची होती. ती म्हणाली, "सांग. पण ते नंतर काय म्हणाले, तेही सांग." भाषणात ते असं आलं:

"आबांचे सगळेच निर्णय बरोबर नव्हते. घरातल्या एका मुलीचं शिक्षण त्यांनी थांबवलं. मला होस्टेलवर सोडायला ते स्वतः आले, तेव्हा फाटकापाशी म्हणाले, हे मी वीस वर्षं आधी करायला हवं होतं."

आत्याने नकार दिला असता, तर या ओळी मी गाळल्या असत्या.

सुरुवात मी मुद्दाम कोरडी ठेवली. मी त्यांच्या धाकट्या मुलाची मुलगी. आबांचा जन्म 1938 चा. 1962 ला ते एसटीत लागले, 1996 ला निवृत्त झाले. घाटावर निम्मे लोक नात्याबाहेरचे असतात, त्यांना बोलणारी कोण हे आधी कळावं लागतं. शिवाय साल आणि आकडे वाचताना आवाज स्थिर राहतो, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याचीच गरज असते.

सावकाश वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणून मजकूर चारशेवर थांबवला. घरी तीनदा मोठ्याने वाचला. तिन्ही वेळा आवाज एकाच ठिकाणी फुटला, होस्टेलच्या फाटकापाशी. तिथलं लांब वाक्य तोडून दोन केली आणि आधी पेन्सिलीने रेघ मारली, म्हणजे थांबून श्वास घ्यायचा. दुसरी प्रत चुलतभावाकडे दिली, मला जमलं नाही तर तो पुढे वाचणार होता. मोबाइलवरून वाचायचं नाही हेही ठरवलं. नदीवर उन्हात पडद्यावरचं दिसत नाही. मोठ्या अक्षरांत छापलेला कागद परीक्षेच्या पॅडला लावला, कारण घाटावर वारा असतो.

अभंग घेतला नाही. महाराजांच्या प्रवचनात ते येऊन गेले होते, आणि आबांचे शब्द ऐकवायला दुसरं कुणी उभं राहणार नव्हतं.

शेवट असा होता: "आबा, सगळ्यांचे सुटे तू देऊन टाकलेस. आता डबल बेल मारते, तू नीघ."

ड्रायव्हरकाका पहिल्या रांगेत होते. त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. त्यानंतर सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि पसायदान झालं.

एक विनंती आहे. 1962 हे साल आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. निवृत्तीच्या जुन्या कागदांत ते नवव्या दिवशी रात्री सापडलं. तुमचे आजोबा हयात असतील, तर ते नोकरीला किंवा धंद्याला कधी लागले आणि त्यांच्याबरोबर कोण होतं, एवढं आज त्यांनाच विचारून लिहून ठेवा.