सगळे अंक सारखेच का आले?

फायनल इयर प्रोजेक्टसाठी मी हाताने लिहिलेल्या अंकांवर व्हेरिएशनल ऑटोएन्कोडर चालवला. दोन रात्री जागलो, पण कुठलाही अंक दिला तरी बाहेर तोच पुसट ठिपका!

आधी रचना बघू. एन्कोडर प्रत्येक चित्रासाठी सरासरी μ आणि प्रमाण विचलन σ देतो. त्यातून चिठ्ठी उचलल्यासारखा z निवडायचा आणि डिकोडरने त्यावरून चित्र पुन्हा काढायचं. पण चिठ्ठी उचलण्याचं डेरिव्हेटिव्ह कसं घेणार? चूक एन्कोडरपर्यंत मागे पोचणार कशी? किंगमा आणि वेलिंग यांनी २०१३ साली यावर युक्ती मांडली: z = μ + σε. चिठ्ठी फक्त ε ची, तीही बाहेरून येणारी; सरासरी ०, विचलन १. आता μ हलला की z तेवढाच हलतो, σ हलला की त्याच्या ε पट. रस्ता मोकळा!

पण मोकळं सोडलं तर नेटवर्क लबाडी करतं. σ शून्याकडे नेतं, चित्रं एकमेकांपासून लांब ठेवतं, आणि मधल्या z मधून कचरा निघतो. त्याला लगाम म्हणजे लॉसमधलं केएल पद. z च्या प्रत्येक घटकासाठी ते असं:

½(μ² + σ² − 1 − ln σ²)

μ = 0, σ = 1 असेल तर दंड शून्य; μ = 2, σ = 0.5 असेल तर साधारण २.३.

माझा घोळ इथेच होता. चित्रातली चूक मी ७८४ पिक्सेलांची सरासरी म्हणून घेतली, केएलची मात्र बेरीज. म्हणजे लगाम ७८४ पट आवळला! केएल वेगळं छापून पाहिलं तर जवळजवळ शून्य, म्हणजे z मध्ये चित्राची माहितीच नव्हती. दोन्हीकडे बेरीज घेतली आणि ३ नि ७ वेगळे दिसू लागले. तेव्हा नुसता एकूण लॉस बघू नका, दोन्ही पदं वेगवेगळी छापा.